‘सगळं वाच’ म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

जानेवारी उलटला की बारावीच्या मुलांना एक उपदेश चहूबाजूंनी ऐकू येऊ लागतो. कॉलेजातले सर तो देतात, शेजारचे काका देतात, वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्याही देतात. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसू नका, कोणता प्रश्न पुन्हा आला याच्या रेघोट्या मारू नका, ती आळशी मुलांची चोरवाट आहे. खरा विद्यार्थी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि प्रश्न कुठूनही आला तरी डगमगत नाही. यामागोमाग ठरलेल्या फैरी झडतात. प्रश्नांचा अंदाज बांधणं हा जुगार आहे. पेपर काढणारे काही दूधखुळे नाहीत, ते नेमकं तुम्ही सोडलेलंच विचारतील. आणि शेवटी ब्रह्मास्त्र: अशाने मार्क मिळतील, पण ज्ञानाचं काय? या उपदेशाला विरोध करायची सोय नाही, कारण तो सदाचारासारखा दिसतो. पण पेपरला तीन आठवडे उरलेले असताना तो कामाचा आहे का, हे कुणी तपासून पाहत नाही. तपासायला महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीचा फिजिक्सचा पेपर घेऊ. त्याची रचना सगळ्यांसमोर आहे आणि या उपदेशाचा सर्वांत जास्त मार त्याच विषयाच्या मुलांना बसतो.

आधी ‘सगळं वाच’ या आज्ञेचा हिशेब. बालभारतीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सोळा चॅप्टर आहेत. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. मुलगा रोज दहा तास खरोखर अभ्यास करतो असं उदारपणे धरलं तर 210 तास झाले. सहा विषयांत ते सारखे वाटले तर फिजिक्सच्या वाट्याला 35 तास येतात आणि एका चॅप्टरला जेमतेम सव्वादोन तास. एवढ्या वेळात रोटेशनल डायनॅमिक्सची सगळी डेरिव्हेशन्स न बघता लिहून, त्यावरची न्युमरिकल्स सोडवून, व्याख्या पक्क्या करून दाखवणारा विद्यार्थी असेलही. पण उपदेश त्याच्यासाठी नसतो, बाकीच्यांसाठी असतो. बाकीच्यांचं काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पहिल्या चॅप्टरला चार दिवस जातात, दुसऱ्याला तीन. ऑसिलेशन्सपर्यंत पोचताना दमछाक होते, इलेक्ट्रोस्टॅटिक्सला घाई सुरू होते, आणि अणू-केंद्रकांचा चॅप्टर व सेमीकंडक्टर परीक्षेच्या आदल्या रात्री नुसती पानं उलटून ‘होतात’. म्हणजे निवड इथेही झालीच. फक्त ती विद्यार्थ्याने केली नाही, अनुक्रमणिकेने केली. रोटेशनल डायनॅमिक्स पुस्तकात पहिलं छापलं आहे, एवढ्याच कारणासाठी त्याला सेमीकंडक्टरच्या दहापट वेळ मिळाला. जुन्या प्रश्नपत्रिकांवरून केलेली निवड आळशी आणि अनुक्रमणिकेवरून झालेली निवड तपश्चर्या, हे कुठलं तर्कशास्त्र?

आता जुगाराकडे वळू. शक्यता माहीत नसताना पैसे लावणं याला जुगार म्हणतात. इथे तर बोर्डाने पत्ते आधीच उघडे मांडून ठेवले आहेत. थिअरीचा पेपर 70 मार्कांचा. पहिल्या प्रश्नात एकेका मार्काचे दहा बहुपर्यायी, दुसऱ्यात एकेका मार्काचे आठ अगदी छोटे प्रश्न. या अठरा मार्कांना पर्याय नाही. त्यानंतर दोन मार्कांचे बारा प्रश्न, त्यांतले आठ सोडवायचे. तीन मार्कांचे बारा, त्यांतलेही आठच. शेवटी चार मार्कांचे पाच, त्यांतले तीन. बेरीज केली तर छापलेला पेपर 98 मार्कांचा होतो आणि लिहायचे असतात 70. हे 98 मार्क सोळा चॅप्टरांत कसे वाटायचे, तेही बोर्डाच्या गुणविभागणीत दिलेलं आहे: पर्यायांसह रोटेशनल डायनॅमिक्सला सात, थर्मोडायनॅमिक्सला सात, इलेक्ट्रोस्टॅटिक्सला सहा, मॅग्नेटिक मटेरियल्सला पाच, अशा चालीने. कोणत्याही चॅप्टरला पाचाहून कमी नाहीत आणि साताहून जास्त नाहीत. प्रत्यक्ष पेपरात एखादा मार्क इकडचा तिकडे होतो, चौकट तीच राहते. जे बोर्ड स्वतः 28 मार्कांचे प्रश्न सोडून द्यायची मुभा देतं, त्या बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्याने काहीही सोडायचा विचार केला की तो पापी?

मात्र ही मुभा नीट वाचावी लागते, आणि इथे जुन्या प्रश्नपत्रिकांची थट्टा करणारे व त्यांच्या नावावर ‘आयएमपी’च्या याद्या वाटणारे दोघेही सारखेच उथळ ठरतात. यादीवाल्यांचा लाडका सल्ला असा की ज्यांना वेटेज कमी ते चॅप्टर सोडा. समजा एखाद्या मुलीने मॅग्नेटिक मटेरियल्स, ड्युअल नेचर आणि सेमीकंडक्टर हे पाच-पाच मार्कांचे तीन चॅप्टर सोडले. अठ्ठ्याण्णवातून पंधरा गेले, त्र्याऐंशी उरले, लिहायचे सत्तरच. म्हणजे तोटा शून्य, असं तिला वाटतं. पण 98 पैकी अठरा मार्क सक्तीचे आहेत. त्याच प्रमाणात पाहिलं तर सोडलेल्या पंधरांतले सरासरी पावणेतीन मार्क सक्तीच्या भागात पडतात आणि ते सरळ जातात. उरलेले बारा-सव्वाबारा पर्यायांच्या मोकळ्या जागेत जिरतात खरे, पण त्यामुळे 28 मार्कांची ती जागा सोळावर येते. शिवाय ती एका ठिकाणी नसते. दोन मार्कांच्या भागात आठ, तीनच्या भागात बारा आणि चारच्या भागात आठ मार्क अशी ती विखुरलेली आहे. एका भागात उरलेला पर्याय दुसऱ्या भागात चालत नाही. चार मार्कांच्या पाच प्रश्नांतले दोन तिने सोडलेल्या चॅप्टरांतून आले, तर उरलेले तीनही तिला यायलाच हवेत, तिथे निवड संपली. आणि सहा मार्कांचे पाच चॅप्टर सोडले तर 68च उरतात. त्या क्षणी, एकही चूक न केली तरी, पैकीच्या पैकी मिळण्याची वाट बंद झाली. एवढी आकडेमोड पेपर समोर ठेवून करणारी मुलगी आळशी नसते, आणि तिला ‘सगळं वाच’ असं सांगणाऱ्याने बहुधा हे गणित कधी मांडलेलं नसतं.

याच गणितातून पुढची गोष्ट दिसते, ती यादीवाल्यांना दिसत नाही. मॅग्नेटिक मटेरियल्स आणि ड्युअल नेचर यांना मार्क थोडे आहेत, पण त्यांना वेळही थोडा लागतो. रोटेशनल डायनॅमिक्सला लागणाऱ्या वेळात हे दोन्ही सहज होतात आणि दोघांचे मिळून दहा मार्क भरतात, त्याचे सात. म्हणजे प्रश्न वेटेजचा नाही, लावलेल्या तासाला किती मार्क हातात येतात याचा आहे. म्हणून शहाणी निवड अख्खे चॅप्टर क्वचितच टाकते. ती आधी प्रत्येक चॅप्टरच्या व्याख्या, एकके, नियम आणि एका ओळीची सूत्रं पक्की करते, कारण सक्तीचे अठरा मार्क तिथेच आहेत. मग ज्या कल्पना पेपरांतून पुन्हा पुन्हा दिसल्या त्यांची डेरिव्हेशन्स हाताने लिहिते. आणि एखादं लांबलचक डेरिव्हेशन तीनदा बसूनही जमत नसेल, तर पर्यायाच्या भरवशावर ते बाजूला ठेवते.

पण ‘पुन्हा पुन्हा दिसल्या’ हे ठरवायचं कोणत्या पेपरांवरून? ‘गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका’ हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी आहे आणि या विषयापुरता तो दिशाभूल करणारा आहे. बारावीचं आताचं पुस्तक 2020 सालचं. त्याआधीच्या पुस्तकात वीस चॅप्टर होते. त्यांतले ग्रॅव्हिटेशन आणि इलॅस्टिसिटी आता अकरावीत गेले, कम्युनिकेशन सिस्टिमही तिकडेच. जुन्या पेपरांतला ग्रॅव्हिटेशनचा प्रश्न कितीही वेळा आलेला असो, आता त्याची किंमत शून्य आहे. नव्या पुस्तकावरची पहिली परीक्षा 2021ची, ती कोविडमुळे रद्द झाली. 2022चा पेपर पंचवीस टक्के अभ्यासक्रम वगळून घेतला गेला. म्हणजे त्या वर्षी एखादा भाग विचारला नाही यावरून बोर्डाला तो महत्त्वाचा वाटत नाही असं म्हणणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी गैरहजेरी मांडण्यासारखं आहे. पूर्ण अभ्यासक्रमावरचे पेपर 2023पासूनचे. फेब्रुवारी-मार्चचा आणि त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेचा, दोन्ही धरायचे. पुरवणीचा पेपर नापासांचा म्हणून बाजूला टाकणारे निम्मा पुरावा फेकून देतात. चौकट तीच असते आणि प्रश्नांची जातकुळीही तीच. अशी निवड करून हाती मोजकेच पेपर राहतात. पण ते ज्या परीक्षेचे आहेत तीच परीक्षा तुम्ही देणार आहात. जाडजूड प्रश्नसंचाला हे म्हणता येत नाही.

हे मोजके पेपर वाचायचे कसे, यावर सगळा खेळ आहे. यादीवाला प्रश्नाची अक्षरं मोजतो: हा प्रश्न जसाच्या तसा दोनदा आला, त्यावर तारा काढा. पण पुनरावृत्ती प्रश्नाची क्वचित होते, कल्पनेची सारखी होते. करंट इलेक्ट्रिसिटीतला पोटेन्शिओमीटर घ्या. तो दोन सेलच्या ईएमएफची तुलना म्हणून येऊ शकतो. सेलचा अंतर्गत रोध कसा काढाल, असाही येऊ शकतो. व्होल्टमीटरपेक्षा तो बरा का, हा दोन मार्कांचा कारणे द्या होतो. पोटेन्शिअल ग्रेडियंट म्हणजे काय, हा एका मार्काचा. आणि न्युमरिकल तर आहेच. यादीत हे पाच वेगवेगळे प्रश्न म्हणून विखुरतात आणि प्रत्येकासमोर ‘एकदाच आला’ असं लिहिलेलं असतं. चॅप्टर, मार्क, प्रश्नाचा प्रकार आणि त्यामागची कल्पना असे चार रकाने आखून बसणाऱ्या मुलाला दिसतं की पाचांच्या मुळाशी एकच वाक्य आहे: एकसारख्या तारेतून ठरावीक प्रवाह वाहत असताना तारेच्या दोन बिंदूंमधला व्होल्टेजचा फरक त्यांच्यातल्या लांबीच्या प्रमाणात असतो. तेवढं पक्कं केलं की बाकीचं हाताशी येतं. सेल मोकळा असताना संतुलन 300 सेंटीमीटरवर मिळालं आणि त्याला समांतर दहा ओहमचा रोध जोडल्यावर ते 250वर आलं, तर पहिली लांबी ईएमएफची आणि दुसरी सेलच्या टोकांमधल्या व्होल्टेजची. त्यावरून r = R(l₁/l₂ − 1), म्हणजे 10 × (300/250 − 1), उत्तर दोन ओहम. संतुलनबिंदूला पोटेन्शिओमीटर सेलमधून प्रवाहच ओढत नाही, म्हणून व्होल्टमीटरपेक्षा तो बरा. कारणे द्याचं उत्तरही त्याच प्रयोगात दडलेलं आहे. हे पाठांतर आहे की समज? पुस्तकात हे सगळं सलग छापलेलंच आहे, असं उपदेशक म्हणतील. आहेच. पण त्यातला कणा कोणता आणि भरताड कोणतं हे पुस्तक सांगत नाही, तिथे प्रत्येक परिच्छेद सारख्याच टाइपात असतो. पाच पेपर शेजारी ठेवले की तो कणा दिसू लागतो.

जुन्या पेपरांच्या नावावर चालणारी एक अंधश्रद्धा मात्र खुशाल गाडून टाकावी, आणि तिच्याबद्दल उपदेशकांनी केलेली थट्टा मान्य आहे. ‘तीन पेपर झाले, आलेलं नाही, म्हणजे यंदा येणारच.’ अपेक्षित प्रश्नांच्या याद्यांचा अर्धा धंदा या एका वाक्यावर चालतो. समजा एखादी कल्पना दर पेपरात यायची शक्यता निम्मी आहे. ती लागोपाठ तीन पेपरांत न दिसण्याची शक्यता आठात एक. अशा चाळीस कल्पना पुस्तकात असल्या, तर त्यांतल्या पाच-एक निव्वळ योगायोगाने तीन पेपर गायब असणारच. त्यांच्या गायब असण्यातून पुढच्या पेपराबद्दल काहीही कळत नाही. उलट बाजूची समजूत, की मागच्या वर्षी आलं म्हणजे यंदा सुटलो, तीही याच मापाची. पण यादीवाल्याने आकड्यांचा गैरवापर केला म्हणून आकडे बघूच नका म्हणणं, हा कुठला न्याय? मोजक्या पेपरांतून एखादा ठरावीक प्रश्न ओळखता येत नाही. पेपराचा ढाचा आणि वारंवार लागणाऱ्या कल्पना नक्की ओळखता येतात. उजळणीला तेवढं पुरतं.

‘पेपर काढणारे मुद्दाम वेगळं विचारतील’ ही धमकी याच कारणाने पोकळ ठरते. पेपर काढणारा मनमोकळा कवी नसतो. त्याला पुस्तकाबाहेर जाता येत नाही, प्रत्येक चॅप्टरला ठरलेले मार्क द्यावे लागतात, एक, दोन, तीन आणि चार मार्कांच्या खणांत बसतील असेच प्रश्न शोधावे लागतात. चार मार्कांचा खण भरायला एखादं मोठं डेरिव्हेशन, किंवा छोटं डेरिव्हेशन आणि त्याला जोडलेलं न्युमरिकल, याखेरीज फारसं काही हाताशी नसतं, आणि एका चॅप्टरात त्या आकाराच्या गोष्टी असतात किती? वायूच्या दाबाचं समीकरण, समांतर अक्षांचं प्रमेय, श्रेणीतल्या एलसीआर मंडलाचा अनुनाद, बोरच्या कक्षांची त्रिज्या: ही नावं फिरून फिरून दिसतात, कारण खण भरायला तीच सापडतात. त्याने एखादा अनपेक्षित प्रश्न टाकलाच, तर दोन, तीन आणि चार मार्कांच्या भागांत तो सोडून द्यायची सोय बोर्डानेच ठेवली आहे. ज्याला पेपराचा ढाचा ठाऊक आहे तो अशा प्रश्नावर वीस मिनिटं घालवत नाही. ‘कुठूनही विचारा’ म्हणणारा बहुधा त्यालाच जाऊन भिडतो.

राहिला ज्ञानाचा मुद्दा. वर्षभर युनिट टेस्टपासून प्रिलिमपर्यंत मार्कांशिवाय दुसरं न बोललेल्यांना ज्ञानाची आठवण नेमकी फेब्रुवारीत का होते, हे विचारणं असभ्य ठरेल, म्हणून सोडून देऊ. पण पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने ज्ञान टिकतं, हे गृहीतक तरी खरं आहे का? अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. जुना पेपर घड्याळ लावून सोडवणं हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे आणि तिसऱ्यांदा चॅप्टर वाचणं पहिल्या. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, म्हणून ते सुखाचं असतं. पेपर सोडवताना आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं, म्हणून तो टाळावासा वाटतो. मग यात आळशी कोण?

याहून जास्त वजनाचा आक्षेप सीईटीचा आहे. एमएचटी-सीईटीच्या फिजिक्सला पन्नास प्रश्न, त्यांतले दहा अकरावीवरचे, आणि बोर्डासारखी प्रश्न निवडायची मुभा नाही. तिथे बोर्डाच्या पर्यायांवर बेतलेली निवड उपयोगाची नाही, हे खरंच आहे. पण त्यातून निघतं एवढंच की सीईटीची निवड सीईटीच्या पेपरांवरून करावी. बोर्डाच्या फेब्रुवारीतल्या पेपरानंतर सीईटीपर्यंत जे आठवडे मिळतात, त्यांत बाजूला ठेवलेलं डेरिव्हेशन परत काढता येतं, आणि तिथे त्याचं निव्वळ सूत्रच बहुतेकदा पुरतं. आणि इथे बोलणं चाललं आहे ते उजळणीचं. वर्षभरात एकदाही न उघडलेलं पुस्तक तीन आठवड्यांत जुन्या पेपरांनी तारून नेता येत नाही; ज्याने चार रकाने आखले पण पोटेन्शिओमीटरची आकृती कधी काढलीच नाही, त्याच्या तक्त्यात कल्पनेचा रकाना रिकामाच राहतो. त्याला ‘सगळं वाच’ हा उपदेशही तारत नाही, एवढं तरी उपदेशकांनी मान्य करावं.

हे सगळं मोठ्या क्लासमध्ये कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. तिथे पेपरांची चिरफाड करायला पगारी माणसं असतात, त्यांचे तक्ते छापून मुलांच्या हातात पडतात, आणि प्रत्येक सरावपेपर त्याच ढाच्यावर बेतलेला असतो. क्लासची फी परवडत नाही त्या तालुक्याच्या गावातल्या मुलीला मात्र तिचं कॉलेज शुद्ध आचरणाचं प्रवचन देतं. जे काम विकत घेतलं तर मार्गदर्शन ठरतं, ते तिने स्वतः वहीत रकाने आखून केलं तर चोरवाट कसं होतं? कॉलेजांनी प्रवचनाऐवजी जानेवारीतच 2023पासूनचे सगळे पेपर, पुरवणीसकट, आणि बोर्डाची गुणविभागणी झेरॉक्स करून वर्गात वाटावी. दोन तासिका घेऊन तो तक्ता मुलांकडूनच भरून घ्यावा. आणि त्यानंतरही ज्यांना ‘सगळं वाच’ म्हणायचंच असेल, त्यांनी त्या 35 तासांचं वेळापत्रक चॅप्टरवार, तासांसकट, सेमीकंडक्टरच्या शेवटच्या पानापर्यंत फळ्यावर लिहून दाखवावं.